पातेलंभर उसळ आणि वाटीतला हिशेब

मटकीची रस्सेदार उसळ गॅसवरून उतरवून दहा मिनिटं तशीच ठेवली, की तिचे सरळ तीन थर होतात. वर तांबूस तर्री, मध्ये पातळ रस्सा आणि तळाशी मटकी. वाढणारा हात घाईत असेल तर पहिल्या दोन वाट्यांत तर्री जाते, मधल्या वाट्यांत नुसता रस्सा, आणि सगळ्यांत शेवटी जेवायला बसणाऱ्याच्या वाट्याला तळाची दाट मटकी येते. सगळ्यांनी खाल्लेली असते ‘एक वाटी उसळ’. पण एकाच्या पोटात चार ग्रॅम प्रथिनं गेलेली असतात आणि दुसऱ्याच्या सोळा.

एरवी याचं कुणाला काही वाटायचं कारण नाही. पण आता घरात कुणी व्यायामशाळेत जातं आणि दिवसाची प्रथिनं मोजतं, कुणाला डॉक्टरांनी जेवणातली कर्बोदकं लिहून ठेवायला सांगितलेली असतात, कुणाचं तेल कमी करायचं असतं. ही मंडळी ज्यांना ‘मॅक्रो’ म्हणतात ती म्हणजे प्रथिनं, कर्बोदकं आणि स्निग्ध पदार्थ. बाहेरच्या पाकिटावर हे आकडे छापलेले असतात. घरच्या पातेल्यावर ते नसतात, ते आपल्याला काढावे लागतात. काढता येतात आणि चांगले नेमके काढता येतात. फक्त हे काम दोन वेगळ्या भागांत होतं हे लक्षात घ्यायला हवं. पहिला भाग कागदावरचा: अख्ख्या पातेल्यात काय काय आहे त्याची बेरीज. दुसरा भाग डावाचा: ते सगळं प्रत्येक वाटीत सारखं पडणं. बहुतेक लोक पहिला भाग मन लावून करतात आणि दुसरा सोडून देतात.

आधी बेरीज. दहा मोठ्या वाट्या होतील एवढी उसळ करू. मिसळीला घेतो तशी खोलगट वाटी, वरणाची छोटी वाटी नव्हे. त्यासाठी मटकी ५०० ग्रॅम, कांदे २५०, टोमॅटो २००, सुकं खोबरं ६०, तेल ५५, मसाला आणि आलं-लसूण मिळून साधारण ५५, गूळ १५ ग्रॅम, चवीला मीठ आणि दीड लिटर पाणी.

मटकीचे ५०० ग्रॅम हे भिजवण्याच्या आधीचे, कोरडे. सगळ्यांत मोठी चूक होते ती इथेच. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की हीच मटकी हजार-अकराशे ग्रॅम भरते. वाढलेलं ते सगळं वजन पाण्याचं. आता कुणी मोड आलेली मटकी काट्यावर ठेवली, १,०५० ग्रॅम असं लिहिलं आणि तक्त्यात मात्र कोरड्या मटकीची ओळ पाहिली, तर प्रथिनं एकदम दुपटीहून जास्त होतात. वाटीला अकरा ग्रॅम यायच्या ठिकाणी बावीस दिसतात. मटकीच्या एका वाटीत बावीस ग्रॅम प्रथिनं दिसली की समजावं, ओल्या वजनाला कोरडा आकडा लागला आहे. म्हणून कडधान्य नेहमी डब्यातून काढल्याबरोबर, पाणी लागायच्या आधी मोजावं. मोड येताना दाण्यातली थोडी पिष्टं खर्ची पडतात आणि भिजवलेल्या पाण्याबरोबरही काहीबाही निघून जातं, पण ते इतकं थोडं असतं की घरच्या हिशेबात सोडून दिलं तरी चालतं.

आकडे कुठून घ्यायचे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते नव्याने प्रसिद्ध केले. त्यात देशभरातून नमुने गोळा करून ५२८ पदार्थ तपासलेले आहेत. आपल्या स्वयंपाकघरासाठी याहून जवळचा आधार नाही. त्यांच्या तक्त्यात १०० ग्रॅम कोरड्या मटकीत प्रथिनं जवळजवळ २० ग्रॅम, स्निग्ध पदार्थ पावणेदोन, कर्बोदकं ५२ आणि तंतू म्हणजे चोथा १५ ग्रॅम आहे. याच संस्थेच्या जुन्या पुस्तकात मटकीची प्रथिनं साडेतेवीस ग्रॅमच्या आसपास दिलेली होती, आणि फोनवरची बरीच ॲप अमेरिकी तक्ता वापरतात, त्यात ती तेवीसच्या जवळ आहेत. कर्बोदकांचा गोंधळ याहून मोठा आहे. अमेरिकी तक्ता चोथा कर्बोदकांतच धरतो आणि मटकीला साडेएकसष्ट ग्रॅम देतो. आपला नवा तक्ता चोथा बाजूला काढतो आणि ५२ देतो. रक्तातली साखर सांभाळणाऱ्या माणसाला हा फरक कळायलाच हवा. यातला कोणता तक्ता खरा, या वादात शिरू नये. एक धरावा आणि अख्ख्या पातेल्याला तोच लावावा. एक ओळ इथली आणि एक तिथली घेतली की बेरजेला अर्थ उरत नाही.

तर आपल्या ५०० ग्रॅम मटकीतून आले १०० ग्रॅम प्रथिनं, २६० कर्बोदकं, ९ स्निग्ध पदार्थ आणि ७५ ग्रॅम चोथा. कांदा, टोमॅटो, गूळ, आलं-लसूण आणि मसाले या सगळ्यांतून मिळून साधारण १० ग्रॅम प्रथिनं, ५५ कर्बोदकं, ३ स्निग्ध आणि १४ चोथा. साठ ग्रॅम सुक्या खोबऱ्यात तब्बल ३८ ग्रॅम स्निग्ध, ४ ग्रॅम प्रथिनं, ५ कर्बोदकं आणि ९ ग्रॅमच्या आसपास चोथा. तेल सगळंच्या सगळं स्निग्ध, म्हणजे ५५. पाणी आणि मीठ शून्य. सगळ्याची बेरीज केली तर पातेल्यात ११४ ग्रॅम प्रथिनं, ३२० ग्रॅम कर्बोदकं, १०५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ९८ ग्रॅम चोथा आहे. प्रथिनं आणि कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅमला चार आणि स्निग्धाच्या ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या, की पातेलं झालं सुमारे २,६८० कॅलरींचं. चोथ्यातून मिळणारी थोडी ऊर्जा यात धरलेली नाही.

या बेरजेकडे जरा नीट पाहिलं की कुठे काळजी घ्यायची आणि कुठे नाही ते आपोआप दिसतं. एखादा कांदा जास्त पडला तर वाटीमागे कॅलरीत तीन-चारांचाही फरक पडत नाही. पण १०५ ग्रॅम स्निग्धापैकी ९३ ग्रॅम फक्त तेल आणि खोबरं या दोघांचे आहेत, आणि पातेल्यातल्या जवळजवळ एकतृतीयांश कॅलरीही त्यांच्याच. तेव्हा टोमॅटोच्या साली मोजत बसू नये, तेल मोजावं. आणि तेल तर आपण डोळ्यांनीच घालतो. एक पळी जास्त पडली म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम वाढले, अडीचशे कॅलरी वाढल्या. यावर साधा उपाय आहे. ओट्यावरचं तेलाचं भांडं फोडणीच्या आधी काट्यावर ठेवायचं, फोडणी झाली की पुन्हा ठेवायचं. जेवढं कमी झालं तेवढं तेल कढईत गेलं. पळी मोजायला नको, की मिलिलिटरचे ग्रॅम करायला नकोत. मिलिलिटर आणि ग्रॅम तेलाच्या बाबतीत सारखे नसतात, हेही इथे सांगायला हवं. तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे ६० मिलिलिटर तेल काट्यावर ५५ ग्रॅमच भरतं. खोबऱ्याचंही तसंच. ‘मूठभर खोबरं’ म्हणून चालत नाही, किसायच्या आधी वाटी काट्यावर ठेवायची.

बेरीज झाली, आता शिजलेल्या उसळीचं वजन. शिजताना किती पाणी आटलं याची चिंता नको. पाणी वाफ होऊन गेलं तरी प्रथिनं, कर्बोदकं, तेल पातेल्यातच असतात. बदलतं ते फक्त एकूण वजन. म्हणून शेवटी एकदाच, गॅस बंद झाल्यावर, सगळं वजन करायचं आणि त्यातून रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करायचं.

आणि हे रिकाम्या पातेल्याचं वजन आधी घ्यायला कुणाच्याच लक्षात राहत नाही. फोडणी तडतडायला लागल्यावर आठवतं, तोवर उशीर झालेला असतो. यावर मला सुचलेला उपाय आपल्या घरांत अगदी सहज होण्यासारखा आहे. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत आहेच. भांड्यांच्या दुकानात यंत्राने दोन मिनिटांत नाव कोरून देतात. मोठ्या दोन-तीन पातेल्यांवर नावाखाली वजनही कोरून घ्यावं. ‘१,२४० ग्रॅम’ एवढं कोरलं की ते पातेलं आयुष्यभरासाठी मोजून झालं. झाकण आणि डाव मात्र बाजूला काढूनच तोलायचं. स्टीलचा डाव शंभर-दीडशे ग्रॅमचा सहज असतो.

घरातला काटा बहुधा पाच किलोपर्यंतचा असतो. आपलं पातेलं भरून ४,१८० ग्रॅम झालं, म्हणजे मावलं. त्यातून १,२४० गेले, उरली २,९४० ग्रॅम उसळ. गरम पातेलं काचेच्या काट्यावर थेट ठेवू नये. आधी काट्यावर लाकडी पाट किंवा जाड फडकं ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मग पातेलं ठेवावं. पातेलं मोठं असेल तर ते काट्याचा आकडाही झाकून टाकतं. अशा वेळी पालथी वाटी खाली ठेवून पातेलं उंच करायच्या फंदात पडू नये, ते डळमळतं. त्यापेक्षा उसळ दोन छोट्या भांड्यांत काढून वेगवेगळी तोलावी.

आता भागाकार. २,९४० ग्रॅमच्या दहा वाट्या, म्हणजे एकेक वाटी २९४ ग्रॅमची. प्रत्येकीत ११ ग्रॅम प्रथिनं, ३२ कर्बोदकं, साडेदहा स्निग्ध, १० ग्रॅमच्या जरा आत चोथा आणि साधारण २७० कॅलरी. यापुढे दशांश चिन्हानंतरचे आकडे लिहू नयेत. मटकी राजस्थानातली की आपल्या देशावरची, कांदा पावसाळी की उन्हाळी, मसाल्यात खोबरं किती, यावर एवढा फरक पडतोच, की ११.४ ग्रॅम लिहून आपण जास्त नेमके होत नाही.

आणि इथे बहुतेक जण थांबतात. काट्यावर वाटी ठेवतात, २९४ ग्रॅम होईपर्यंत उसळ घालतात आणि ११ ग्रॅम प्रथिनं लिहून टाकतात. वजन अगदी बरोबर असतं, पण वाटीत काय आलं ते मात्र ठरलेलं नसतं. प्रथिनं मटकीत आहेत, मटकी तळाशी आहे. तेल तर्रीत आहे, तर्री वर आहे. २९४ ग्रॅमच्या वाटीत ४० ग्रॅम मटकी आणि बाकी रस्सा आला, तर प्रथिनं कशीबशी चार ग्रॅम. २१० ग्रॅम मटकी आली तर सोळाच्या घरात. तर्रीचं तर त्याहून अवघड. पातेल्यात वर तरंगणाऱ्या तेलातलं वीस ग्रॅम पहिल्या दोन वाट्यांनीच उचललं, तर त्या दोघांच्या वाट्याला नव्वद-नव्वद कॅलरी तेवढ्या एकाच गोष्टीच्या जातात आणि शेवटच्या वाटीत तेल जवळजवळ नसतंच. पातेल्याची बेरीज कितीही काटेकोर केली तरी ही गडबड तिच्याने सुटत नाही.

ढवळून घेतलं की झालं, असं वाटतं. काही अंशी होतंही. डाव तळापर्यंत नेऊन खालून वर ढवळायचं आणि मटकी फिरत असतानाच भरून घ्यायचं. पण शिजलेली मटकी जड असते, काही सेकंदांत खाली बसायला लागते. म्हणून एकदा ढवळून पाच वाट्या भरणं उपयोगाचं नाही, प्रत्येक डावाआधी ढवळावं लागतं. ते किती जमलं हे पाहायचं असेल तर भरलेल्या कुठल्याही दोन वाट्या चहाच्या नव्हे, मोठ्या गाळणीतून गाळून पाहाव्या. गाळणीत उरलेली मटकी तोलावी. दोन्हींत वीस ग्रॅमच्या आत फरक असेल तर आपला हात बसला आहे. पन्नास-साठ ग्रॅमचा असेल तर ढवळण्यावर विसंबू नये.

विसंबू नये असंच माझं मत आहे, कारण याहून चांगली रीत आपल्याकडे रोज डोळ्यांसमोर चालते. मिसळीच्या कुठल्याही चांगल्या ठिकाणी जा. तिथे उसळ वेगळ्या पातेल्यात असते, रस्सा म्हणजे कट वेगळ्या पातेल्यात आणि तर्री कटावर तरंगत असते. वाढणारा आधी उसळ घालतो, मग फरसाण, मग वरून रस्सा, आणि तर्री किती हवी ते गिऱ्हाईक सांगतं. दिवसभरात शेकडो थाळ्या सारख्या जायच्या असतील तर एकजीव पातेल्यातून डाव मारून भागत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलेलं आहे. कोल्हापूरच्या मटणाच्या ताटातही हेच. सुक्कं वेगळं, तांबडा आणि पांढरा रस्सा वेगळा. ताटात मटण किती पडलं हे त्यामुळे उघड दिसतं.

घरी हेच करायचं तर स्वयंपाक बदलायची गरज नाही, वाढायच्या आधी पाच मिनिटं काढायची. उसळ झाली, एकूण वजन घेतलं, की झाऱ्याने सगळी मटकी निथळून दुसऱ्या भांड्यात काढावी. झारा पातेल्यावर दहा-पंधरा सेकंद धरला की वरचा रस्सा गळून जातो. आपल्या पातेल्यात अशी निथळलेली मटकी भरली १,४०० ग्रॅम, मागे राहिला १,५४० ग्रॅम रस्सा. आता प्रत्येक वाटीत १४० ग्रॅम मटकी, तिच्यावर १५४ ग्रॅम रस्सा. वजन तेच २९४. पण आता प्रत्येक वाटीत ५० ग्रॅम कोरड्या मटकीइतकी मटकी आहे हे पक्कं. रस्सा मात्र वाढताना गरमच हवा आणि प्रत्येक डावाआधी ढवळायला हवा. गार झाला की तर्री घट्ट होते, मसाल्याला धरून गोळा होते आणि मग ती सारखी वाटली जात नाही. खोबऱ्याचं वाटण जास्त असेल तर हे आणखीच जाणवतं, कारण भाजलेल्या खोबऱ्याचं तेलही तर्रीतच येतं आणि गारव्याने ते फोडणीच्या तेलापेक्षा लवकर थिजतं.

मटकी आणि रस्सा वेगळे केले की आणखी एक गोष्ट हाती येते, आणि मला ती सारख्या वाट्यांपेक्षाही महत्त्वाची वाटते. घरात सगळ्यांना सारखंच हवं असतं असं कुठे आहे? १४० ग्रॅम निथळलेल्या मटकीत प्रथिनं साधारण १०, कर्बोदकं २६ आणि स्निग्ध दोन-तीन ग्रॅम. १५४ ग्रॅम रश्शात प्रथिनं जेमतेम एक-दीड, कर्बोदकं सहा आणि स्निग्ध आठ. थोडा मसाला मटकीला चिकटून जातोच, तेव्हा हे आकडे अंदाजाचे, पण कामाला येण्याइतके खरे. मग व्यायाम करणाऱ्या मुलाला २१० ग्रॅम मटकी आणि थोडा रस्सा द्यावा. वाटीत पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिनं येतात आणि तेल वाढत नाही. ज्यांचं तेल कमी करायचं आहे त्यांच्यासाठी रस्सा तळाकडून घ्यावा, वरून नव्हे. कमी केलेलं तेल मोजायचं असेल तर तर्री पळीने उतरवून वाटीत घ्यावी, फ्रीजमध्ये ठेवावी. तासाभरात तेल वर येतं, पाणी खाली राहतं, मग वरचं तेल तेवढं तोलता येतं. पळीभर तर्री म्हणजे पळीभर तेल नव्हे, तिच्यात रस्साही आलेला असतो.

कोणत्या कालवणाला एवढं करावं लागतं आणि कोणत्याला नाही, हेही पातेल्याकडे पाहून ठरतं. तुरीची आमटी, पिठलं, घोटलेलं वरण यांत डाळ विरघळून गेलेली असते. खालून वर ढवळलं आणि वजनाने वाढलं की काम झालं, फक्त वरून घातलेली फोडणी नीट मिसळून घ्यावी. छोले, राजमा, चवळी, वाटाणा या सगळ्यांना मटकीचाच नियम. मटकी कुकरमध्ये जास्त शिजून फुटली तर खाणाऱ्याला बरं वाटत नाही, पण हिशेबाला ते सोयीचं, कारण तिचं पीठ रश्शात उतरतं आणि पातेलं एकसारखं होतं. तेव्हा झाऱ्याच्या भानगडीत पडू नये.

कोंबडीचा रस्सा मात्र वेगळाच. तिथे थर आहेतच, वर हाडंही आहेत. दुकानातून कापून आणलेली किलोभर कोंबडी म्हणजे किलोभर मांस नव्हे. कातडी काढलेल्या कच्च्या मांसात १०० ग्रॅमला साधारण २० ते २२ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि किलोच्या हिशेबाने कुणी २१० लिहिले तर त्यातली बरीचशी हाडांच्या नावावर जातात. उपाय आपल्याकडे पंगत उठल्यावर ताटातच असतो. सगळ्यांची हाडं एका भांड्यात गोळा करून तोलावी. समजा २६० ग्रॅम भरली, तर कच्चं मांस धरायचं ७४० ग्रॅम आणि प्रथिनं दीडशेच्या आसपास. शिजलेल्या हाडांतून थोडं पाणी आणि मज्जा गेलेली असते, त्यामुळे हा आकडा किंचित जास्त येतो, पण किलो धरण्यापेक्षा तो खऱ्याच्या खूप जवळ असतो. एकदा मोजलं की त्याच दुकानातल्या तशाच तुकड्यांना पुढच्या वेळीही तेच प्रमाण लावता येतं. इथे कच्च्या वजनाला कच्चाच आकडा लावायचा हे विसरू नये. शिजताना मांसातलं पाणी निघून जातं, म्हणून तक्त्यात शिजलेल्या कोंबडीची प्रथिनं १०० ग्रॅमला जास्त दिसतात. ती ओळ कच्च्या वजनाला लावली तर पुन्हा मटकीसारखीच गफलत होते.

कोंबडीच्या वाट्या सारख्या करताना वजनावर जाऊ नये, तुकड्यांवर जावं. छातीच्या तुकड्यात मांस भरपूर आणि हाड थोडं, पाठीच्या आणि मानेच्या तुकड्यांत उलट. तंगडी मध्ये कुठेतरी. वाटीमागे एक मांसल तुकडा आणि एक हाडाचा असं लावलं तर घरच्या हिशेबाला पुरेसं सारखं होतं. कोंबडीचं सगळं सत्त्व रश्शात उतरतं असं म्हणून आजारी माणसाला नुसता रस्सा वाढतात. गरम रस्सा घशाला बरा वाटतो हे खरं, पण प्रथिनं मोजायची असतील तर ती मांसात राहिलेली असतात. रश्शात उतरतं ते थोडंच, आणि कोंबडीची चरबी मात्र भरपूर. आजाऱ्याच्या वाटीत मांसाचे दोन मऊ तुकडे कुस्करून घालावे.

राहता राहिला दुसरा दिवस. पातेलं अर्धं संपलं, अर्धं फ्रीजमध्ये गेलं. सकाळी बघावं तर रस्सा मटकीने शोषून घेतलेला आणि उसळ घट्ट. मग आपण पेलाभर पाणी घालून उकळी काढतो. आता कालचा २९४ ग्रॅमचा आकडा चालेल का? वाट्या कालच भरून ठेवल्या असतील तर काहीच बिघडत नाही. वाटीत पाणी घाला, आटवा, मॅक्रो तेच. पण उसळ पातेल्यातच असेल तर वजन नव्याने करावं लागतं. काल उरली होती १,४७० ग्रॅम, म्हणजे पाच वाट्या. आज ३०० मिलिलिटर पाणी घालून उकळल्यावर ती झाली १,७२० ग्रॅम. वाट्या अजूनही पाचच, फक्त आता एकेक वाटी ३४४ ग्रॅमची. कुणी सवयीने २९४ ग्रॅमच भरली तर पाचाच्या पावणेसहा वाट्या होतील आणि प्रत्येक वाटीत प्रथिनं अकराऐवजी दहाच्या खाली येतील. उरलेली उसळ फ्रीजमध्ये ठेवताना डब्याला चिकटपट्टी लावून तिच्यावर ग्रॅमऐवजी वाट्यांचा आकडा लिहावा: ‘मटकी, ५ वाट्या’. सकाळी डबा कुणीही उघडला, कितीही पाणी घातलं, तरी त्याने पाचच वाढायच्या. फक्त आदल्या रात्री पहिल्या पाच वाट्यांना मटकी जास्त गेलेली नसावी. तशी गेली असेल तर दुसऱ्या दिवशीच्या पातेल्यात ती कमी आहे हे झाऱ्यात लगेच दिसतं. १,४७० ग्रॅम उसळीत निथळलेली मटकी किमान सातशे ग्रॅम यायला हवी. त्याहून बरीच कमी आली, तर काल वाढताना डाव तळाशी जास्त गेला होता, आणि आजच्या पाच वाट्यांची प्रथिनं त्या मानाने कमी धरायची.